तोंडाला मार लागून दात हलायला लागला तर तार किती दिवस ठेवायची

मागच्या वर्षी एका रविवारी संध्याकाळी एक आई तिच्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या क्लिनिकला आली. कबड्डीची प्रॅक्टिस चालू होती, पकड करताना समोरच्या पोराचं डोकं याच्या तोंडावर आदळलं. रुमाल दातात धरलेला, तो रक्ताने भिजलेला, आणि मुलगा रडत नव्हता पण तोंड मिटत नव्हता. आईला वाटलं दुखतंय म्हणून मिटत नाही. खरं कारण वेगळं होतं, वरचा उजवा पुढचा दात जागेवरून साधारण तीन मिलीमीटर खाली उतरला होता आणि तोंड मिटताना खालच्या दातांवर सगळ्यात आधी तोच टेकत होता, त्यामुळे बाकीचे दात एकमेकांना लागतच नव्हते. शेजारचा डावा दात बघायला अगदी सरळ, जागच्या जागी, पण बोट लावलं की हलत होता आणि हिरडीच्या कडेला रक्ताची बारीक रेघ होती.

या एकाच पोराच्या तोंडात दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जखमा होत्या आणि पुढे वर्षभरात दोन्ही दातांचं वेगवेगळं झालं, म्हणून हीच केस धरून सांगते. तार का बांधतात, ती मऊ का असते, दोन आठवड्यांतच का काढतात आणि तार काढल्यावरही का बोलवत राहतात, हे चारही प्रश्न त्या आईने मला विचारले होते. जवळपास प्रत्येक आईबाप विचारतात.

आधी दात हलतो म्हणजे नक्की काय होतं ते बघू. आपल्याला वाटतं दात खिळ्यासारखा हाडात ठोकलेला असतो. तसं नाहीये. मूळ आणि हाड यांच्यामध्ये अगदी पातळ, पाव मिलीमीटरच्या आसपास फट असते आणि त्या फटीत हजारो बारीक धागे असतात, एक टोक मुळात रुतलेलं आणि दुसरं हाडात. डॉक्टर त्याला लिगामेंट म्हणतात. जुन्या घरातली सुंभाची बाज आठवा, लाकडी चौकट वेगळी आणि आपण झोपतो ते सुंभावर, बसलं की थोडी दबते, उठलं की परत ताणून बसते. दात तसाच धाग्यांवर टांगलेला असतो, म्हणून चावताना तो किंचित दबतो आणि हाडावर थेट दणका बसत नाही. मार लागला की हे धागे तुटतात. काही तुटले आणि दात जागेवरच राहिला तर तो नुसता हलतो, डाव्या दाताचं तसं झालं होतं. बहुतेक सगळे तुटले आणि दात खोबणीतून बाहेर सरकला तर तो लांब दिसतो, हा उजवा. आणि अजून एक गोष्ट तुटते जी बाहेरून दिसत नाही, मुळाच्या टोकातून आत जाणारी रक्तवाहिनी आणि नस. ती लक्षात ठेवा, तिचं पुढे येणार आहे.

तार बांधतो ती या धाग्यांसाठी. दात हाडाला घट्ट चिकटावा म्हणून नाही, उलट चिकटलेलाच नको असतो. तुटलेले धागे परत जुळेपर्यंत दात जागेवर राहावा, जिभेने ढकलला जाऊ नये, झोपेत दातावर दात आपटून परत सरकू नये, एवढंच तारेचं काम.

त्या दिवशी केलं ते असं. आधी विचारलं, चक्कर आली होती का, उलटी झाली का, शुद्ध गेली होती का. यातलं काहीही असेल तर दात राहू देत बाजूला, आधी हॉस्पिटल. तसं काही नव्हतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते विचारलं, ओठाच्या आत दाताचा तुकडा किंवा माती अडकलीये का ते चाचपलं. मग एक्सरे, एक समोरून आणि दोन थोड्या वेगळ्या कोनातून, कारण मुळाला आडवी चीर असेल तर ती एका कोनातून दिसते आणि दुसऱ्यातून अजिबात दिसत नाही. मूळ शाबूत होतं, हाडही शाबूत होतं, फक्त उजव्या दाताच्या मुळाच्या टोकाशी खोबणी रिकामी, काळी दिसत होती. दात खाली आल्यामुळे मोकळी झालेली जागा ती.

भूल दिली, सलाईनने धुतलं आणि बोटाच्या चिमटीत धरून दात हळूहळू वर दाबला. यात घाई करायची नसते, खोबणीत रक्ताची गुठळी झालेली असते, ती बाजूला सरकायला वेळ द्यावा लागतो, म्हणून सावकाश पण सलग दाब. दात बसला, मुलाला तोंड मिटायला सांगितलं, आता मागचे दात नीट टेकत होते. परत एक्सरे काढून काळी जागा भरली का ते पाहिलं. उशीर केला असता तर ही गुठळी घट्ट झाली असती आणि दात इतक्या सहज गेला नसता, म्हणून दात लांब झालेला, वाकडा झालेला दिसला तर त्याच दिवशी जा, सकाळची वाट बघू नका.

मग तार. चार दात घेतले, मार लागलेले दोन आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचा एकेक चांगला. जास्त दात घेऊन फायदा नसतो. तार स्टीलची, ०.४ मिलीमीटर जाडीची, बोटाने सहज वाकते एवढी बारीक. हीच मर्यादा धरायची, यापेक्षा जाड तार नको. तार नसेल तर मासे पकडायच्या गळाची नायलॉन दोरीसुद्धा चालते, हे ऐकून लोक दचकतात पण आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये ती रीतसर दिलेली आहे. तार दातांच्या ओळीच्या वळणाप्रमाणे आधीच वाकवून घेतली, कारण ती दातांवर नुसती टेकली पाहिजे, तिने दाताला ओढता कामा नये. ब्रेसेसची तार दात ओढण्यासाठी असते, ही तशी नाही. प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला मधोमध दातात भरतो तेच पांढरं सिमेंट, म्हणजे कंपोझिट, याचा एकेक ठिपका ठेवला आणि लाईटने कडक केला. आधी बाजूचे दोन चांगले दात चिकटवले आणि उजवा दात बोटाने जागेवर धरून सगळ्यात शेवटी. ठिपका हिरडीपासून लांब आणि दोन दातांच्या फटीपासूनही लांब ठेवला, नाहीतर तिथे अन्न अडकून हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीखाली धागे जुळत नाहीत.

तार लावल्यावर आईने दाताला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "डॉक्टर, अजून थोडा हलतोय की, अजून पक्कं बांधा ना."

तर हा मुद्दा जरा थांबून समजून घ्या. दात थोडा हलतोय हे मुद्दाम ठेवलेलं आहे. पूर्वी खरंच पक्कं बांधायचे, जाड पट्टी, दातांभोवती पिळलेल्या तारा, आणि महिना दीड महिना ठेवायचे, कारण विचार हाडाच्या फ्रॅक्चरचा होता, हात मोडला की प्लास्टर तसं. पण धागे हाडासारखे जुळत नाहीत. कोपनहेगनचे डॉ. जेन्स अँड्रियासेन यांनी आयुष्यभर दातांच्या दुखापतींवर काम केलं आणि या जुन्या समजुती बदलण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. धाग्यांना नीट जुळायला थोडी हालचाल लागते, चावण्याचा हलका दाब लागतो. दात एकदम गच्च आणि जास्त दिवस बांधून ठेवला, तर जिथे धाग्यांची इजा मोठी असते तिथे धाग्यांऐवजी हाडच वाढत येऊन मुळाला चिकटायचा धोका वाढतो. बाजेचं सुंभ काढून माणसाला थेट चौकटीला सिमेंट लावून चिकटवल्यासारखं. मग हाड त्या मुळाला स्वतःचाच भाग समजून हळूहळू खात जातं आणि त्याजागी हाड भरतं. वाढत्या मुलात तर अजून एक होतं, बाजूचे दात जबड्याबरोबर वाढत राहतात आणि चिकटलेला दात जागीच राहतो, मग तो वर्षागणिक आखूड दिसायला लागतो. धागे नुसते तुटण्यापेक्षा चिरडले गेले तर हे जास्त होतं, म्हणजे दात आत घुसला असेल किंवा पडून बराच वेळ कोरडा राहिला असेल तर.

आता किती दिवस. एका आठवड्यात नवे धागे तुटलेल्या भागावरून पलीकडे जायला लागतात आणि दोन आठवड्यांत निम्म्याच्या आसपास ताकद परत आलेली असते. दाताला स्वतःच्या जोरावर उभं राहायला एवढं पुरतं. म्हणून उजव्या, बाहेर सरकलेल्या दाताला दोन आठवडे. डाव्या, नुसत्या हलणाऱ्या दाताला खरं तर पुष्कळदा तारच लागत नाही, मऊ खाणं आणि काळजी पुरते, फारच हलत असेल किंवा चावताना दुखत असेल तरच तार, आणि तीही दोन आठवड्यांपर्यंतच. इथे शेजाऱ्यामुळे त्याला आपोआप मिळाली.

जिथे हाडाला इजा असते तिथे मुदत वाढते, कारण हाड धाग्यांपेक्षा सावकाश जुळतं. दात आडवा ढकलला जाऊन मूळ हाड फोडून अडकलं असेल तर चार आठवडे. गंमत म्हणजे असा दात बऱ्याचदा हलतच नाही, घरच्यांना वाटतं वाकडा झालाय पण घट्ट आहे म्हणजे मार कमी लागला, प्रत्यक्षात तो फुटलेल्या हाडात फसलेला असतो. एक दात हलवला की दोन तीन दात एकत्र हलतात असं दिसलं तर दात धरून ठेवणारा हाडाचा तुकडाच मोडलाय, तिथेही चार आठवडे. मूळ मध्यावर किंवा टोकाकडे मोडलं तर चार आठवडे आणि हिरडीजवळ मोडलं तर मात्र चार महिन्यांपर्यंत. म्हणजे शेजारणीच्या मुलाला चार आठवडे ठेवली आणि आमच्याला दोनच, असं काही वाटून घेऊ नका, जखम वेगळी आहे. दुधाच्या दातांचा हिशोब तर पूर्ण निराळा, तिथे बहुतेक वेळा बांधत नाहीत.

घरी काय सांगितलं ते पटकन. दोन आठवडे पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही, पेरू, कणीस, ऊस, चिक्की बंद. वरणभात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, आणि मागच्या दातांनी चावायला हरकत नाही. मऊ ब्रशने रोज घासायचंच, तारेवरूनही, भीतीने घासणं बंद करतात तेच सगळ्यात वाईट. क्लोरहेक्सिडीनच्या माऊथवॉशने दिवसातून दोनदा गुळणी, पण ब्रशनंतर लगेच नाही, अर्ध्या तासाने, कारण पेस्टमुळे त्याचा असर कमी होतो, आणि त्याने दात थोडे तपकिरी दिसतात, ते नंतर पॉलिशने जातं. हिरडीला लवंगाचं तेल लावू नका, जखमेवर ते भाजतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनाप्रमाणे. अँटिबायोटिकची अशा दाताला साधारण गरज नसते. कबड्डी बंद. आणि एखादा ठिपका सुटला, तार लोंबायला लागली तर ओढून काढू नका, त्याच दिवशी या.

चौदाव्या दिवशी तार काढली. यात दुखत नाही, बोटाने दाताला आधार देऊन ठिपके घासून काढायचे, पाच दहा मिनिटांचं काम. दात अजून किंचित हलत होता, आई परत घाबरली, पण एवढं हलणं त्या टप्प्याला अपेक्षित असतं आणि पुढच्या काही आठवड्यांत ते कमी होत जातं. जर काढल्यावर दात पहिल्यासारखाच लोंबत असेल, किंवा एक्सरेत मुळाच्या कडेचं हाड खचलेलं दिसत असेल, तर मात्र अजून चार आठवडे बांधावं लागतं.

आणि इथेच बहुतेक लोक गायब होतात. तार निघाली, दुखत नाही, दात जागेवर, संपलं. पण धागे जुळले म्हणजे नस जगली असं नाही, ती सुरुवातीला म्हणाले ना, टोकातून आत जाणारी. ती तुटली असेल तर दाताच्या आतला जिवंत भाग मरतो आणि मेलेला भाग दुखत नाही, कितीतरी महिने गप्प बसतो. आत जंतू पोचले की मुळाच्या टोकाशी पू होतो, आणि धाग्यांना इजा झालेली असेल तर मूळ बाहेरून झिजायला लागतं, हे काही आठवड्यांतसुद्धा बरंच पुढे जाऊ शकतं आणि या सगळ्यात कळ येईलच असं नाही. एक्सरेतच कळतं.

म्हणून बाहेर सरकलेल्या दातासाठी तपासण्या अशा असतात, तार काढताना दोन आठवड्यांनी, मग चार, आठ आणि बारा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतर दरवर्षी किमान पाच वर्षं. नुसत्या हलणाऱ्या दाताला कमी, दोन आठवडे, बारा आठवडे, सहा महिने आणि वर्ष. सुरुवातीच्या तपासण्या जवळजवळ ठेवल्यात कारण झीज सुरू व्हायची असेल तर ती बहुतेक तेव्हाच सुरू होते.

प्रत्येक वेळी करतो ते साधंच असतं. दाताचा रंग बघायचा. आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून दुखतं का आणि आवाज कसा येतो ते ऐकायचं, हाडाला चिकटलेला दात भांड्यावर टिचकी मारल्यासारखा खणखणीत वाजतो, चांगला दात जरा बोदा वाजतो. हलतो किती ते बघायचं. हिरडीवर पुळी आहे का. थंड स्प्रे मारलेला कापूस लावून गार लागतं का विचारायचं. आणि एक्सरे.

यातल्या गार लागण्याच्या टेस्टबद्दल सांगायलाच हवं, कारण घाईघाईत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मार लागल्यावर नस बधिर होते, जिवंत असली तरी तीन महिन्यांपर्यंत उत्तर देत नाही. त्यामुळे गार लागत नाही एवढ्यावरून रूट कॅनाल करायचं नसतं, मेल्याची किमान दोन लक्षणं पाहिजेत. या मुलाच्या दोन्ही दातांना दोन आठवड्यांनी गार लागलं नाही. चार आठवड्यांनीही नाही. तेव्हा एका नातेवाईकाने आग्रह धरला की दोन्हीचं रूट कॅनाल करून टाका, उगाच किती चकरा. आठव्या आठवड्यात डाव्या दाताला कापूस लावला आणि मुलाने हात वर केला. थोडं उशिरा, पण लागलं. तो दात जिवंत होता, आणि महिन्यापूर्वी उघडला असता तर एक चांगला दात विनाकारण मारला असता.

उजव्याचं मात्र उलटं झालं. आठव्या आठवड्यात रंग जरा मंद वाटला, बाराव्या आठवड्यात राखाडी छटा स्पष्ट दिसत होती, ठोकल्यावर दुखलं, गार अजूनही नाही, आणि एक्सरेत टोकाशी काळा डाग. आता एक नाही चार लक्षणं होती. त्याच आठवड्यात रूट कॅनाल सुरू केलं, आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून ठेवलं आणि नंतर पक्कं भरलं. आईला वाईट वाटलं, म्हणाली आपण काही चुकलो का. नाही चुकलो. बारा वर्षांच्या मुलाचं मुळाचं टोक बंद झालेलं असतं, तेवढ्या बारीक छिद्रातून तुटलेली रक्तवाहिनी परत आत जाणं अवघड. हाच मार आठ वर्षांच्या पोराला लागला असता तर टोक अजून उघडं, रुंद असतं आणि रक्तपुरवठा परत सुरू व्हायची आशा बरीच जास्त, म्हणून लहान मुलांत आम्ही अजून धीर धरतो, आणि मूळ वाढतंय का हे प्रत्येक एक्सरेत शेजारच्या दाताशी ताडून बघतो. त्याला मात्र एक अपवाद, मूळ बाहेरून झिजताना दिसलं तर वाट बघायची नाही, रूट कॅनाल लगेच.

दात पिवळसर होत जाणं वेगळं, तेही सांगून ठेवते. काही दातांत नस जगते पण आतली नळी हळूहळू भरत जाते, त्याने पिवळी छटा येते. नुसतं पिवळेपण म्हणजे रूट कॅनाल नाही, फक्त लक्ष ठेवायचं.

घरी एक गोष्ट करा, महिन्यातून एकदा दिवसाच्या उजेडात, त्याच खिडकीजवळ, ओठ वर करून दातांचा मोबाईलवर फोटो काढा. रंगातला बदल रोज बघणाऱ्याला दिसत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतो. आणि पुळी, सूज, ठणका, किंवा दात परत हलायला लागला तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता या.

या मुलाची वर्षाची तपासणी परवाच झाली. डाव्याला गार लगेच लागतं. उजव्याच्या टोकाचा काळा डाग जवळपास भरलाय, आवाज बोदा आहे, दोन्ही दातांची कड एका रेषेत आहे, म्हणजे चिकटलेला नाही. राखाडी छटा आहे, ती आतून ब्लीच करून कमी करता येईल, त्याला अजून घाई नाही. कबड्डी परत सुरू आहे, आता माऊथगार्ड लावून खेळतो, मापाचं बनवून दिलंय आणि दात येतील तसं ते बदलावं लागेल. पुढची तारीख पुढच्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत.